उंबऱ्याची शपथ आणि दहा हजारांची शपथ

प्रश्न : अडीच वर्षांपूर्वी उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी भांडण झालं. रागाच्या भरात मी म्हणालो, "आईशप्पथ, अल्लाची शपथ, पुन्हा कधी तुझ्या घरात पाऊल ठेवणार नाही." तेव्हा तो भाड्यानं राहायचा, आता फ्लॅट घेतलाय. पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे, हळद त्याच्या घरी आणि निकाह कार्यालयात. माझी सासुरवाडी रत्नागिरीची, ते म्हणतात आधी शपथ मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून कफ्फारा देऊन टाका आणि मग जा. गल्लीतले म्हणतात तीन रोजे धर, सुटलास. अम्मीनं मन्नत बोललीय की दोघं एका ताटात जेवलात तर तीन रोजे धरीन आणि बाबूजमालच्या दर्ग्यावर गलेफ चढवीन. मी नेमकं काय करू? त्याच भांडणात जुनं ड्रिल मशीन चाळीस हजारांना विकून मी अल्लाच्या शपथेवर तीस सांगितले होते, पण तो विषय आता कुणी काढत नाही.

उत्तर :

विषय कुणी काढत नसला तरी तुम्ही तो शेवटच्या ओळीत काढलात, हे बरं झालं. त्याच्याकडे मी नंतर येतो. आधी उंबऱ्याचं बघू, कारण लग्न तोंडावर आलंय आणि तुम्हाला दोन बाजूंनी दोन सल्ले मिळालेत. त्यातला एक साफ चुकीचा आहे. दुसरा चुकीचा नाही, पण तो तुमच्या मजहबचा, म्हणजे तुम्ही पाळता त्या हनफी कायदापंथाचा नाही.

तुमच्या तोंडून एका दमात दोन शपथा बाहेर पडल्या. त्यातल्या "आईशप्पथ"ला कायद्यात शपथ म्हणत नाहीत. हजरत उमर एकदा प्रवासात वडिलांची शपथ घेत होते. पैगंबरांनी ते ऐकलं आणि सांगितलं की शपथ घ्यायचीच असेल तर अल्लाहची घ्या, नाहीतर गप्प बसा. म्हणून आईची, लेकराची, भाकरीची किंवा दर्ग्याची शपथ मोडली तर कफ्फारा लागत नाही. ती घेणंच गैर आहे, एवढंच. कोल्हापुरात हा शब्द दर तिसऱ्या वाक्याला येतो. त्याला कफ्फारा लागला असता तर गावात जेवायला दहा गरीब उरले नसते.

"अल्लाची शपथ" मात्र पक्की आहे. ती मराठीत घेतली की अरबीत, यानं फरक पडत नाही. नाव अल्लाहचं आहे, गोष्ट पुढच्या काळातली आहे आणि ती करणं न करणं तुमच्या हातात आहे. शपथ बांधली जायला एवढं पुरतं. राग हा बचाव नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाची रागातली शपथही शपथच असते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक शपथा रागातच घेतल्या जातात. त्याच दमात "इन्शाअल्लाह" जोडलं असतं तर शपथ बांधलीच गेली नसती. पण भांडणात ते कुणाला सुचतं? घरी येऊन पाणी पिऊन झाल्यावर म्हटलेलं इन्शाअल्लाह चालत नाही, ते वाक्याला लागूनच यावं लागतं.

रागातल्या शपथेला एक सवलत आहे, ती तुम्हाला लागू होते का तेही पाहू. कुणी म्हणालं "चल, जेवायला बस" आणि समोरचा फुरंगटून म्हणाला "अल्लाची शपथ, जेवणार नाही", तर ती शपथ त्या वेळच्या जेवणापुरतीच धरतात. तो घरी जाऊन जेवला तर ती मोडत नाही. तात्कालिक शपथेचा हा प्रकार इमाम अबू हनीफांनी पहिल्यांदा वेगळा काढला, असं हनफी परंपरा सांगते. तुम्ही मात्र "पुन्हा कधी" असं म्हणालात. त्या दोन शब्दांनी ही वाट बंद झाली.

आता "घरात पाऊल ठेवणं" म्हणजे काय? प्रश्न गंमतीचा वाटेल, पण मदरशात उसूल, म्हणजे कायद्याचा अर्थ लावण्याचे नियम शिकवताना नेमकं हेच वाक्य उदाहरणाला घेतात. 'उसूलुश्शाशी' नावाचं एक जुनं पुस्तक आहे. त्यात एक माणूस शपथ घेतो की अमक्याच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. शब्दशः घेतलं तर बाहेर उभं राहून एक पाय आत टेकवला की शपथ मोडायला हवी, आणि घोड्यावर बसून आत गेलं तर मोडायला नको. बोलताना लोकांच्या मनात दोन्ही नसतं. त्यांना म्हणायचं असतं "आत येणार नाही". म्हणून शब्दशः अर्थ सोडून देतात आणि बोलीतला धरतात. अनवाणी जा, चपला घालून जा की घोड्यावरून जा, आत गेलात की शपथ मोडली. अंग बाहेर ठेवून नुसता पाय आत टेकवला तर मोडत नाही. त्याच पुस्तकात पुढे असंही आहे की "अमक्याचं घर" म्हणजे तो राहतो ते घर, मग ते मालकीचं असो, भाड्याचं असो की कुणी वापरायला दिलेलं असो. म्हणजे त्या वेळी तुमचे भाऊ भाड्यानं राहत होते म्हणून नव्या फ्लॅटला शपथ लागत नाही, असं कुणी सुचवलं तर ते खरं नाही. "तुझ्या घरात" म्हणजे तुझ्या राहत्या घरात. शपथ त्यांच्याबरोबर फ्लॅटमध्ये आली.

हनफी मजहबात शपथांचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. शपथेचा अर्थ बोलणाऱ्याच्या गावच्या बोलीवरून लावायचा, कोशातून नाही आणि कुराणातल्या शब्दावरूनही नाही. कुराणात मासळीला ताजं मांस म्हटलंय. तरीही "मांस खाणार नाही" अशी शपथ घेऊन मासे खाल्ले तर शपथ मोडत नाही, कारण बाजारात मांस आणायला पाठवलेला माणूस मासे घेऊन येत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तालमीतला एक पोरगा आला होता. वस्तादांशी काहीतरी बिनसलं आणि यानं शपथ घेतली की वर्षभर मटणाला हात लावणार नाही. मग कुणाच्या तरी घरी पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या प्यायला आणि रात्रभर झोपला नाही. मी विचारलं, फोड आली होती का वाटीत? म्हणाला, नाही, नुसता रस्सा. विचारलं, शपथ घेताना रश्श्याचं मनात होतं का? म्हणाला, तेव्हा काहीच मनात नव्हतं. मग मोडली नाही. मांसाच्या शपथेत त्याचं पाणी येत नाही, शपथ घेताना तसं मनात धरलं असेल तरच येतं. मग त्यानं हळूच विचारलं, चिकन चालेल का? अरबी ग्रंथ उघडून बसलो असतो तर उत्तर वेगळं आलं असतं, कारण 'लहम' या शब्दात कोंबडीही येते. पण तो म्हणाला होता "मटण", आणि कोल्हापुरात मटण म्हणजे बकऱ्याचं, कोंबडी म्हणजे कोंबडी. खानावळीच्या पाटीवरसुद्धा दोन वेगळे दर असतात. मी म्हटलं, खा.

तुमच्या बाबतीत यातून काय निघतं ते बघा. निकाह कार्यालयात आहे, आणि कार्यालय हे भावाचं घर नव्हे. एका दिवसासाठी भाडं भरलं म्हणून ते त्यांचं राहतं घर होत नाही. तिथे जा, जेवा, भावाच्या शेजारी उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करा. शपथेला धक्का लागत नाही. अपार्टमेंटचं पार्किंग आणि जिना सगळ्यांचा असतो, तिथवर गेलात तरी चालतं. फ्लॅटच्या दाराशी उभे राहिलात आणि दार लावलं तर तुम्ही बाहेर राहाल अशी जागा असेल, तर तेही चालतं. उंबऱ्याची ही कसोटी 'हिदाया' या हनफी कायद्याच्या ग्रंथात दिलेली आहे.

कुणीतरी तुम्हाला अशीही युक्ती सांगेल की पोरांना उचलून आत न्यायला सांग. ती चालत नाही. तुमच्या सांगण्यावरून उचलून नेलं तर ते तुमचंच जाणं धरतात. आणि विसरून आत गेलो, हेही हनफी मजहबात चालत नाही, विसरून मोडली तरी शपथ मोडते. तुमच्या सासुरवाडीचे लोक शाफई मजहबचे असणार, कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. त्यांच्याकडे विसरून किंवा जबरदस्तीनं मोडलेल्या शपथेला माफी आहे.

एवढं सगळं वाचून तुम्ही ठरवाल की हळदीला टाळाटाळ करू, कार्यालयात जाऊ आणि शपथ सांभाळू. तसं करू नका. शब्दांच्या हिशेबात ते बसतं, पण ही शपथ सांभाळायची नाहीच. सख्ख्या भावाशी नातं तोडणं हे पाप आहे, आणि पापाची शपथ घेतली असेल तर ती मोडणं वाजिब, म्हणजे बंधनकारक आहे. कुराणात दुसऱ्या सूरहच्या 224 व्या आयतीत म्हटलंय की भलाई करण्यात आणि लोकांमध्ये समेट घडवण्यात अल्लाहच्या नावाला आडकाठी बनवू नका. हजरत अबू बकर यांची गोष्ट तर तुमच्याशी फारच जुळते. मिस्तह नावाचा त्यांचा एक गरीब नातेवाईक होता, त्याचा खर्च तेच चालवायचे. हजरत आयशांवर घेतलेल्या खोट्या आळात हा मिस्तहही सामील झाला. अबू बकरांनी शपथ घेतली की याला यापुढे काही देणार नाही. स्वतःच्या लेकीवर आळ घेणाऱ्याबद्दल घेतलेली शपथ होती ती, ड्रिल मशीनवरून नव्हती. त्यावर आयत उतरली की ऐपतवाल्यांनी नातेवाइकांना न देण्याची शपथ घेऊ नये, माफ करावं, अल्लाहनं तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? अबू बकर म्हणाले, वाटतं, आणि त्यांनी मिस्तहचा खर्च पुन्हा सुरू केला.

तेव्हा हळदीला जायचं. शपथ मोडायची आणि कफ्फारा द्यायचा. आधी द्यायचा की नंतर, यावर सासुरवाडीशी तुमचा जो वाद झालाय तो हजार-बाराशे वर्षांचा आहे. अब्दुर्रहमान बिन समुरा यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये सांगितलंय की शपथ घेतल्यावर दुसरी गोष्ट अधिक चांगली दिसली तर ती करा आणि शपथेचा कफ्फारा द्या. पण ही हदीस दोन क्रमांनी आलीय. एका ठिकाणी कफ्फारा आधी आणि चांगलं काम नंतर, दुसरीकडे काम आधी आणि कफ्फारा नंतर. शाफई म्हणतात, कफ्फाऱ्याचं मूळ शपथेत आहे आणि मोडणं ही नुसती अट आहे. वर्ष पुरं होण्याआधी जकात देता येते, तसा शपथ मोडण्याआधी कफ्फारा देता येतो. तेही फक्त अन्न-कपड्याचा, रोज्यांचा नाही. हनफी म्हणतात, कफ्फारा गुन्ह्यावर पांघरूण घालायला असतो आणि गुन्हा मोडण्यात आहे. अजून मोडलंच नाही तर झाकणार काय? म्हणून आधी दिलेला कफ्फारा हनफींकडे नुसता सदका, म्हणजे ऐच्छिक दान ठरतो. सवाब मिळेल, पण मोडल्यावर पुन्हा द्यावा लागेल, आणि आधी दिलेलं परत मागता येणार नाही. तुम्ही हनफी आहात, त्यामुळे हळदीच्या दिवशी आत जा आणि कफ्फारा दुसऱ्या दिवशी द्या. सासऱ्यांना सांगा की तुमचंही बरोबर आहे, पण मी माझ्या घरच्या रीतीनं करतो. यात त्यांना राग येण्यासारखं काही नाही.

गल्लीतला सल्ला मात्र चुकीचा आहे, आणि तो फक्त तुमच्या गल्लीत मिळतो असं नाही. कुराणात पाचव्या सूरहची 89 वी आयत आहे. तिच्यात दहा गरिबांना जेवण, किंवा दहांना कपडे, किंवा एक गुलाम मुक्त करणं, अशा तीन वाटा दिल्या आहेत. गुलामी आता राहिली नाही, म्हणजे उरल्या दोन, आणि त्यातली कोणतीही तुम्ही निवडू शकता. ज्याला यातलं काहीच जमत नाही, त्यानंच तीन रोजे धरायचे. ज्याच्याकडे वर्कशॉप चालू आहे, चार कामगार हाताखाली आहेत, त्यानं तीस रोजे धरले तरी हा कफ्फारा फिटत नाही. लोकांना रोजे सोपे वाटतात कारण खिशाला हात घालावा लागत नाही. ज्याला खरंच परवडत नाही त्याच्यासाठी हनफींकडे तिन्ही रोजे सलग हवेत, आणि तिसरा रोजा पुरा व्हायच्या आत पैसे हातात आले तर रोजे बाद होऊन जेवणच द्यावं लागतं.

जेवण कसं द्यायचं ते नीट सांगतो, कारण जास्त गफलत इथेच होते. एका गृहस्थांनी कफ्फारा म्हणून बांधकामावरच्या दहा मजुरांना दुपारी पोटभर जेवू घातलं. संध्याकाळी ते मजूर निघून गेले होते, म्हणून दुसऱ्या साइटवरच्या दहांना जेवू घातलं आणि मला येऊन सांगितलं की वीस माणसं झाली, दुप्पट कफ्फारा झाला. मुळात तो झालाच नव्हता. हनफींकडे एका गरिबाचा हिशेब दोन वेळच्या पोटभर जेवणानं पुरा होतो, आणि दोन्ही वेळा माणसं तीच लागतात. यांनी वीस जणांना अर्धं-अर्धं दिलं, पुरं कुणालाच नाही. वाट मी एवढीच काढली की त्या पहिल्या दहांना गाठा आणि त्यांना आणखी एक वेळ जेवू घाला. सुदैवानं काम अजून चालू होतं.

तेव्हा दहा माणसं आधी पक्की करा आणि त्यांना सांगून ठेवा की दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा यायचं. जेवण तुमच्या घरी रोज होतं त्या दर्जाचं असावं, आयतीत तसंच म्हटलंय : घरच्यांना जे मध्यम प्रतीचं देता ते. चपाती, भाजी, डाळ, भात चालेल. लग्नाचं उरलेलं वाढून मोकळं होऊ नका. पाच-सहा वर्षांची पोरं पंगतीत बसवून आकडा भरायचा नाही, पुरं जेवणारं माणूस हवं. जकात ज्याला चालते त्यालाच हे चालतं, म्हणजे खाऊन-पिऊन सुखी माणूस नको. आई-वडील, बायको आणि स्वतःची मुलं यांना देता येत नाही. गरीब भावाला मात्र देता येतं, पण तुमचा भाऊ फ्लॅटवाला आहे.

इतकी धावपळ नको असेल तर धान्य द्या. एका गरिबाला एका फित्र्याएवढे, म्हणजे रमजानला माणशी देतात त्या दानाएवढे गहू, साअ या जुन्या मापाचा अर्धा भाग. हल्लीच्या मापात कुणी ते पावणेदोन किलोच्या आत-बाहेर धरतात, कुणी दोन किलोच्या थोडं वर. तुमच्या मशिदीत रमजानला फित्र्याचं जे माप जाहीर करतात तेच धरा. दहा माणसांचे दहा फित्रे. त्याची किंमत रोख दिली तरी हनफींकडे चालते. दहांचं धान्य एकाच माणसाला एकाच दिवशी देऊन टाकलं तर ते एकाचंच धरलं जातं, उरलेले नऊ तुमच्याकडे बाकी राहतात. त्याच माणसाला रोज एक असं दहा दिवस दिलं तर चालतं. शाफईंकडे हे नियम वेगळे आहेत. तिथे दहा माणसं वेगवेगळीच लागतात, प्रत्येकाला एक मुद्द म्हणजे साअचा चौथा भाग, गावात जे मुख्य धान्य खातात त्याचं, कोकणात अर्थात तांदूळ. तिथे रोख रक्कम चालत नाही आणि पंगत घालूनही भागत नाही, धान्य हातात द्यावं लागतं. म्हणून अर्धं या मजहबचं आणि अर्धं त्या मजहबचं असं करू नका. एकाच पद्धतीनं पुरं करा. कपडे द्यायचे तर हनफींकडे अंगाचा बराचसा भाग झाकेल इतके द्या, नुसता पायजमा किंवा नुसती टोपी नको.

उंबऱ्याचं एवढंच. एक जेवणावळ घातली की ते फिटतं.

ड्रिल मशीनचं तसं नाही. मशीन चाळीस हजारांना गेलं हे तुम्हाला माहीत होतं, आणि अल्लाहची शपथ घेऊन तुम्ही तीस सांगितलेत. ही पुढच्या काळाबद्दलची शपथ नाही. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून घेतलेली खोटी शपथ आहे. तिला 'गमूस' म्हणतात, म्हणजे बुडवणारी, जी घेणाऱ्याला आधी पापात आणि मग आगीत बुडवते. पैगंबरांनी मोठ्या पापांची नावं घेतली त्यात ही आहे. तुम्हाला खरंच तीस वाटत असते आणि नंतर हिशेबाच्या वहीत चाळीस निघाले असते, तर गोष्ट वेगळी होती. तशी नकळत चुकलेली शपथ हनफींकडे 'लग्व' ठरते आणि तिची पकड होत नाही. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की विकून आलात आणि सांगितलंत.

हनफी मजहबात गमूसला कफ्फारा नाही. हे ऐकून काही जणांना हायसं वाटतं, बरं झालं, काही द्यावं लागत नाही. अर्थ उलटा आहे. कफ्फारा हा थोडासा इबादतीचा आणि थोडासा शिक्षेचा भाग असतो. तो अशा शपथेला लागू होतो जी घेणं मुळात जायज होतं. खोटी शपथ घेण्याच्या क्षणीच सगळंच्या सगळं पाप असते. ती दहा माणसांच्या जेवणानं धुऊन निघण्यापलीकडची आहे, म्हणून तिच्यावर कफ्फारा ठेवलाच नाही. शाफईंचं मत वेगळं आहे, ते म्हणतात तौबा तर हवीच, वर कफ्फाराही द्या. तुमच्या सासऱ्यांच्या समाधानासाठी तोही दिलात तर कुणी अडवणार नाही. पण कोणत्याही मजहबात त्यानं भावाचा हक्क फिटत नाही.

हक्क किती ते बघा. मशीन दोघांचं निम्मं-निम्मं होतं असं मी धरतो. भावाच्या वाट्याचे वीस हजार होत होते, तुम्ही पंधरा दिलेत. पाच हजार त्यांचे तुमच्याकडे आहेत. मशीन वडिलांच्या नावावरचं असेल आणि वडील वारले असतील, तर अम्मीचा आणि बहिणी असतील तर त्यांचाही हिस्सा त्यात आहे. मग हिशेब वेगळा मांडावा लागेल, तेव्हा कागद घेऊन या. तौबेत तीन गोष्टी लागतात : मनापासून वाईट वाटणं, ते काम सोडणं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. माणसाचा पैसा अडकलेला असेल तर चौथी गोष्ट लागते, तो परत करणं. अल्लाहकडे माफी मागून भावाचे पाच हजार माफ होत नाहीत, ते भावालाच माफ करता येतात.

तोंडानं सगळं सांगायलाच हवं का, असं बरेच जण विचारतात. हक्क पोचणं जरूर आहे. सांगितल्यानं पुन्हा डोकी फुटायची वेळ येत असेल तर "जुन्या हिशेबात तुझे पाच हजार माझ्याकडे निघतात" एवढं बोलून हातात द्यावेत. हे वाक्य खोटंही नाही. मात्र आहेराच्या पाकिटात घालून देऊ नका. आहेर ही भेट असते आणि हे देणं आहे, आणि घेणाऱ्याला ते देणं म्हणून कळलं पाहिजे. माझ्या मते हे हळदीच्या आधी करा. शपथेच्या कायद्यात त्याला क्रम नाही, पण पाच हजार खिशात ठेवून भावाच्या घरी जेवायला बसणं मला बरं दिसत नाही. ते कार्यालयातही देता येतील, वर्कशॉपवरही देता येतील. वर्कशॉप हे घर नव्हे.

अम्मीची मन्नत राहिली. मन्नत ही शपथेची बहीण खरी, पण तिचा कायदा वेगळा आहे. हनफींकडे मन्नत तेव्हाच लागू होते जेव्हा बोललेली गोष्ट स्वतःच इबादत असते आणि त्या जातीची एखादी इबादत शरियतनं फर्ज किंवा वाजिब केलेली असते. रोजा त्यात बसतो, कारण रमजानचे रोजे फर्ज आहेत. गलेफ बसत नाही, त्या जातीचं काही कुठे फर्ज नाही. शिवाय मन्नत अल्लाहच्या नावानं असते, कुणा बुजुर्गांच्या नावानं नाही. म्हणजे तुम्ही दोघं एका ताटात जेवलात की अम्मीवर तीन रोजे वाजिब होतील, गलेफ होणार नाही. बाबूजमालच्या गल्लीत वाढलेल्या बाईला हे कसं सांगायचं ते तुम्ही बघा. मी माझ्या आईला सांगू शकलो नव्हतो.

इथे एक बारकावा आहे. तिनं जी अट घातली ती तिला हवी असलेली आहे. नको असलेल्या गोष्टीला अडवण्यासाठी बोललेल्या मन्नतीत कफ्फारा देऊन सुटका करून घेता येते. हव्या असलेल्या गोष्टीसाठी बोललेली मन्नत मात्र पुरीच करावी लागते. आणि अट शब्दशः "एका ताटात" अशी असली तरी पुन्हा आपली बोलीच लावायची. आपल्याकडे "एका ताटात जेवणं" याचा एक अर्थ खरंच एकाच ताटात हात घालणं असा आहे, आणि दुसरा जुळवून घेऊन राहणं असा. मन्नत बोलताना मनात कोणता होता, ते अम्मीला विचारा. तिला सांगता आलं नाही तर हळदीच्या दिवशी सरळ एक मोठं ताट घ्या आणि दोघं बसा, म्हणजे शंका राहणार नाही.

अम्मीचं वय आणि साखर तुम्हाला माहीत आहे. रोजे लगेच धरायचे नाहीत. "सलग" असं ती बोलली नसेल तर तिन्ही सुटे धरले तरी चालतात, आणि हिवाळ्यात दिवस लहान असतात. डॉक्टरांनी आता कधीच रोजा धरू नका असं सांगितलं असेल, तर मन्नतीच्या प्रत्येक रोज्यामागे एक फित्रा असा फिद्या देता येतो, तीन रोज्यांचे तीन. शपथेच्या कफ्फाऱ्यातल्या तीन रोज्यांना मात्र असा फिद्या चालत नाही, कारण ते रोजे आधीच जेवणाच्या बदल्यात आलेले असतात आणि बदलीला पुन्हा बदली देत नाहीत. म्हणून अम्मीचे तीन रोजे आणि गल्लीतल्यांनी तुम्हाला सांगितलेले तीन रोजे एकच समजू नका. दोन्ही एकदम फेडायचे म्हणून तिच्याबरोबर तुम्हीही रोजे धरायला बसाल, आणि तुमचे दहा गरीब उपाशीच राहतील.